विश्लेषण : महापुरात सेवेला जायचे, तर रजा कोणती?

स्वयंसेवेसाठी पगारी रजा देण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांमध्ये रुळते आहे. मात्र कोल्हापूरसारख्या पूरप्रवण जिल्ह्यात ही रजा कोणाला द्यायची, ती किती वेळात मंजूर व्हायला हवी आणि परत आल्यावर कर्मचाऱ्याने नेमके काय लिहून द्यायचे, याचे नियम कागदावर नसतील तर ऐन पुरात गोंधळ ठरलेला. त्याविषयी...

विषय कोल्हापूरसाठी महत्त्वाचा का?

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. दोन्ही वेळा पुणे-बंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक बंद पडली. शहराच्या एका बाजूचे कामगार दुसऱ्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचू शकत नव्हते. त्याच वेळी प्रयाग चिखली, आंबेवाडी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी अशा गावांत माणसे हलवायची होती, जेवण पोहोचवायचे होते आणि पाणी ओसरल्यावर घरे, शाळा, दवाखाने यांतला गाळ काढायचा होता.

या कामाला जाणाऱ्यांत नोकरदार आणि कामगारांची संख्या मोठी असते. अशा वेळी कोणी आपली हक्काची रजा खर्च करतो, कोणी बिनपगारी राहतो, तर कोणी आजारपणाची रजा टाकतो. तिसऱ्या प्रकारात चांगल्या कामासाठी खोटे कारण लिहावे लागते. ‘स्वयंसेवा रजे’चे लेखी धोरण हवे ते यासाठी.

कायद्यात अशी रजा आहे का?

नाही. कारखान्यांना आणि दुकाने-आस्थापनांना लागू असलेल्या कायद्यांत वार्षिक पगारी रजा, नैमित्तिक रजा, सणांच्या सुट्ट्या यांच्या तरतुदी आहेत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजेची तरतूद आहे. समाजसेवेसाठी वेगळी रजा मात्र यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे खासगी आस्थापनेत ही रजा मालकाने स्वतःच्या धोरणातून दिलेली सवलत असते आणि तिच्या अटी धोरणात लिहिलेल्या असतील तेवढ्याच.

सरकारी नोकरीत याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे विशेष नैमित्तिक रजा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला परवानाधारक रक्तपेढीत रक्तदान केल्यास त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते. डिसेंबर २०१७ च्या आदेशाने ती वर्षातून कमाल चार वेळा घेता येते आणि पुरावा जोडावा लागतो. ही तरतूद लहान असली तरी तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. काम कोणते, ते कोठे केलेले चालेल, किती वेळा आणि पुरावा काय, या चारही प्रश्नांची उत्तरे एका आदेशात आहेत. खासगी धोरणांत नेमकी हीच उत्तरे बहुधा सापडत नाहीत. तेथे ‘समाजोपयोगी कार्यासाठी दोन दिवस’ एवढेच लिहिलेले असते आणि बाकी सारे वरिष्ठाच्या मर्जीवर राहते.

इतर देशांत काय आहे?

आपत्तीच्या संदर्भात दोन उदाहरणे उपयोगी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या फेअर वर्क कायद्यात ‘सामुदायिक सेवा रजा’ आहे. मान्यताप्राप्त आपत्कालीन संस्थेचा स्वयंसेवक वणवा, पूर अशा प्रसंगी कामावरून दूर राहू शकतो. ही रजा बिनपगारी असते, पण तिला दिवसांची ठरावीक मर्यादा नाही. अनुपस्थिती वाजवी असली पाहिजे, एवढीच अट. मालकाला शक्य तितक्या लवकर कळवायचे असते, आणि कायदा हेही मान्य करतो की ही सूचना माणूस कामाला लागल्यानंतर येऊ शकते.

जर्मनीत ‘टेश्निशेस हिल्फ्सवेर्क’ या सरकारी मदत यंत्रणेत बहुसंख्य माणसे स्वयंसेवक आहेत. त्यांना बोलावणे आले की मालकाने सोडायचे आणि पगार चालू ठेवायचा, असा कायदा आहे. खासगी मालकाला त्या पगाराची भरपाई ठरावीक अटींवर मिळते. म्हणजे एका देशाने वेळ दिला पण पगार नाही, तर दुसऱ्याने पगारही दिला आणि त्याचा भार सरकारने उचलला. आपल्याकडे दोन्ही गोष्टी मालकाच्या इच्छेवर आहेत. म्हणून लहान फाउंड्रीला झेपेल एवढेच धोरण लिहिणे आणि लिहिलेले पाळणे, हा व्यवहार्य मार्ग उरतो.

पात्रता कोणाला आणि किती दिवस?

बहुतेक धोरणे वर्षाला एक ते तीन दिवस देतात. कारखान्यासाठी दोन दिवस, म्हणजे १६ तास, अर्ध्या अर्ध्या दिवसातही घेता येतील अशी सोय सोपी पडते. ही रजा पुढच्या वर्षी साठत नाही आणि तिचे पैसे मिळत नाहीत, हे स्पष्ट लिहावे. नाहीतर हिशेबाच्या वेळी वाद होतो.

खरी गुंतागुंत हजेरीत आहे. वार्षिक पगारी रजा मिळण्यासाठी कामगाराने वर्षात ठरावीक दिवस भरावे लागतात. कारखाने अधिनियमात हे दिवस २४० होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते १८० आहेत. ही गणना करताना प्रसूती रजा, आधी कमावलेली रजा असे काही दिवस भरलेले मानले जातात. स्वयंसेवा रजा कायद्याला माहीतच नसल्याने ती त्या यादीत नाही. म्हणून ‘हा दिवस कामाचा दिवस धरला जाईल’ हे वाक्य धोरणात हवे. तसेच अनेक कारखान्यांत महिनाभर खाडा न केल्यास हजेरी भत्ता मिळतो. स्वयंसेवा रजेने तो तुटणार असेल तर रजा कागदावर पगारी असूनही कामगाराला ती परवडत नाही आणि तो अर्जच करत नाही. वर्षभरात कार्यालयातल्या लोकांनी रजा घेतली आणि शॉपफ्लोअरवरच्या कोणीच घेतली नाही, असे दिसले तर कारण बहुधा येथे शोधावे.

दुसरा प्रश्न कंत्राटी कामगारांचा. त्यांचा कागदोपत्री मालक कंत्राटदार असतो, त्यामुळे कंपनीचे रजेचे धोरण त्यांना आपोआप लागू होत नाही. त्यांना सामावून घ्यायचे असेल तर कंत्राटातच तशी अट घालून त्या दिवसाची मजुरी कंपनीने कंत्राटदाराला द्यावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले आहे, तो स्वयंसेवक नाही, पूरग्रस्त आहे. स्वतःचे घर धुण्यासाठी त्याला स्वयंसेवा रजा घ्यायला लावणे म्हणजे दोन वेगळ्या गरजा एका खात्यात कोंबणे. अशांसाठी वेगळी आपत्ती रजा असावी. ती नसेल तर लोक स्वयंसेवा रजाच वापरतात. मग कंपनीच्या अहवालात सेवेचे तास फुगलेले दिसतात आणि ज्याला घर सावरायला आठवडा लागणार आहे त्याला दोनच दिवस मिळतात.

मंजुरी कशी असावी?

येथे दोन वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. नेहमीच्या कामासाठी, उदाहरणार्थ रंकाळा काठाची स्वच्छता किंवा शाळेत विज्ञानाचे प्रात्यक्षिक, दहा दिवस आधी अर्ज आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर ही पद्धत पुरेशी आहे. अर्जात संस्था, ठिकाण, काम आणि तेथील जबाबदार माणूस एवढे असावे. संस्था नोंदणीकृत न्यास, ग्रामपंचायत, शाळा, शासकीय रुग्णालय किंवा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा असावी. राजकीय पक्षाचा प्रचार, धर्मप्रसार आणि नातेवाइकाच्या संस्थेचा आर्थिक फायदा होईल असे काम वगळल्याचे आधीच लिहून ठेवावे. प्रत्येक अर्जावर वेगळा निर्णय घेण्यापेक्षा हे बरे.

नकार देता यावा, पण तो कामाच्या कारणाने. भट्टी विभागात ठरावीक माणसांशिवाय पाळी चालत नाही. म्हणून ‘एका पाळीत, एका विभागातून एकाच वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ अशी मर्यादा घालता येते. मर्यादेमुळे नकार दिला तर दुसरी तारीख देणे बंधनकारक असावे. तारीख न देता दोनदा नाकारलेला अर्ज मनुष्यबळ विभागाकडे आपोआप जावा.

पुरासाठी ही वाट कामाची नाही. पाणी दहा दिवस आधी कळवून येत नाही. शिवाय ओसरण्याचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. शहरातले पाणी उतरते तेव्हा शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगा संगमाच्या परिसरात, ते बऱ्याचदा तसेच असते, कारण तेथे कृष्णेच्या पाण्याचाही फुगवटा असतो. म्हणजे मदतीची गरज एका तारखेला नाही, टप्प्याटप्प्याने येते. वर्षातला एक दिवस ठरवून सगळ्या कंपनीने ‘सेवादिन’ साजरा करण्याची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. त्यासाठी दुसरी वाट अशी : जिल्हा नियंत्रण कक्ष, तहसील कार्यालय, ग्रामपंचायत किंवा आधीच यादीत असलेल्या संस्थेचा निरोप आला की पर्यवेक्षकाने फोनवर त्याच दिवशी मंजुरी द्यायची आणि कागद परतल्यावर तीन दिवसांत पूर्ण करायचे.

या वाटेवर एक कडक अट हवी. पाण्यात उतरून बचावाचे काम फक्त प्रशिक्षितांनी करायचे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. कोल्हापुरात व्हाईट आर्मीसारखी जीवरक्षकांची संघटनाही आहे. अशा कर्मचाऱ्यांची यादी मनुष्यबळ विभागाकडे मे महिन्यातच असावी. बाकीच्यांना पाणी ओसरल्यानंतरच्या कामासाठी सोडावे.

अपघात झाला तर जबाबदारी कोणाची?

कामगार भरपाई आणि राज्य कामगार विमा या दोन्हींचा आधार ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ झालेली इजा हा आहे. रजेवर असताना, दुसऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली झालेली इजा या व्याख्येत बसते की नाही, यावर वाद होऊ शकतो. कंपनीने स्वतः गट नेला, वाहन दिले, पर्यवेक्षक पाठवला तर दावा एका बाजूला झुकतो; कर्मचारी एकटा गेला तर दुसऱ्या. म्हणून धोरणात ‘रजा’ आणि ‘कंपनीने नेमून दिलेले काम’ यांतली रेघ स्पष्ट हवी आणि रजेच्या दिवसांसाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढावा.

पुरानंतरच्या गाळात मुख्य धोके तीन : लेप्टोस्पायरोसिस, साप आणि ओल्या भिंतीतली वीज. गमबूट आणि रबरी हातमोजे नसतील तर रजा मंजूर असूनही माणूस पाठवू नये. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गाळात काम केल्याचे आठवणीने सांगावे.

आणखी एक खबरदारी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘सर्वांनी यावे’ असे फर्मान काढून स्वच्छता मोहीम घेतली, तर ती स्वयंसेवा राहत नाही. सक्तीने बोलावले ते काम, आणि कामाला मोबदला किंवा बदली सुट्टी लागते.

अहवाल कसा लिहायचा? एक उदाहरण

समजा, शिरोलीतल्या १८० कायम कामगारांच्या एका काल्पनिक फाउंड्रीतून शिरोळ तालुक्यातली एक शाळा साफ करायला लोक गेले. अर्ज २४ आले. भट्टी विभागाच्या मर्यादेमुळे सहा जणांना पुढची तारीख दिली, १८ गेले. शाळेच्या सात वर्गांत गाळ होता.

अहवालाची पहिली ओळ वेळेची. प्रत्येकाची रजा आठ तासांची, म्हणजे एकूण १४४ तास. पण जाण्यायेण्यात दोन तास गेले, प्रत्यक्ष काम सहा तास झाले. म्हणजे सेवेचे तास १०८. दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. रजेच्या हिशेबाला १४४ आणि कामाच्या हिशेबाला १०८.

दुसरी ओळ काय केले याची. सातपैकी पाच वर्ग धुऊन कोरडे केले, जंतुनाशक फवारले. दोन वर्ग राहिले, कारण भिंतीतल्या वायरिंगची तपासणी झाली नव्हती. राहिलेले काम आणि त्याचे कारण लिहिणे हा अहवालाचा सर्वांत उपयोगी भाग असतो. पुढचा गट येताना वायरमन सोबत घेऊन येतो.

तिसरी ओळ बदलाची, आणि बहुतेक चुका येथेच होतात. ‘आम्ही शाळा सुरू केली’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण त्याच आठवड्यात पालक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारीही राबले होते. म्हणून मुख्याध्यापकांना दोन प्रश्न विचारायचे : आम्ही येण्यापूर्वी किती वर्ग वापरण्याजोगे होते आणि शाळा किती वर्गांत, केव्हा भरली? उत्तर आले, ‘एकही नव्हता, तीन दिवसांनी पाच वर्गांत भरली.’ तेवढेच लिहायचे आणि सोबत ‘पालक व ग्रामपंचायतीसह’ हे शब्द जोडायचे. महिन्याने एक फोन करून ते पाचही वर्ग वापरात आहेत का, हे विचारायचे. ओल परत आली असेल तर तेही लिहायचे.

अहवाल खोटा नसला तरी फुगलेला आहे, हे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लाभार्थींच्या रकान्यात गावाची पूर्ण लोकसंख्या असते. दोन दिवस आलेली तीच माणसे ‘३६ स्वयंसेवक’ म्हणून मोजलेली असतात, प्रत्यक्षात माणसे १८ आणि मनुष्यदिवस ३६ असतात. छायाचित्रे भरपूर, पण राहिलेल्या कामाचा उल्लेख नाही. पूरग्रस्त कुटुंबांची आणि मुलांची छायाचित्रे तर अहवालात मुळीच नकोत. पुरावा म्हणून यजमान संस्थेची सही-शिक्का असलेली हजेरी पुरते. प्रत्येक कामगाराकडून निबंध मागण्याचीही गरज नाही. गटप्रमुखाने एका पानात हे तीन मुद्दे भरावेत, बाकीच्यांनी हजेरीवर सही करावी.

हा खर्च ‘सीएसआर’मध्ये धरता येतो का?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. मे २०१९ मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या महापुराच्या जेमतेम अडीच महिने आधी, या कामांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापन, मदत आणि पुनर्वसन यांचा स्पष्ट समावेश झाला.

तरीही कर्मचाऱ्यांच्या वेळेचे पैसे त्यात धरता येत नाहीत. कर्मचाऱ्यांना अशा कामात सहभागी करून घ्यावे, पण त्यांच्या विनामोबदला सेवेचे मोल काढून ते सामाजिक दायित्वाच्या खर्चात दाखवू नये, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांच्या रूपात स्पष्ट केले आहे. वरच्या उदाहरणातली फाउंड्री कलम १३५ खाली येत असेल आणि हे काम तिच्या मंजूर आराखड्यात असेल, तर शाळेसाठी घेतलेले जंतुनाशक, पंपाचे भाडे यांचा खर्च दाखवता येईल. अठरा जणांचा त्या दिवसाचा पगार मात्र कंपनीचा नेहमीचा पगारखर्चच राहील. त्यामुळे अहवालातल्या १०८ तासांना तासाच्या दराने गुणून ‘सामाजिक गुंतवणूक’ दाखवणाऱ्या तक्त्याला लेखापरीक्षणात आधार नसतो.

मर्यादा काय?

दोन दिवसांची रजा पूर रोखत नाही आणि पुनर्वसनही करत नाही. नवख्या १८ जणांचा गट नेणे, सांभाळणे, जेवू घालणे हा यजमान गावावरही भार असतो. जेथे एक जेसीबी आणि चार कुशल माणसे पुरेशी आहेत, तेथे पन्नास माणसे पाठवून काम उरकत नाही. म्हणून कंपनीने माणसे किती हवीत हे स्वतः ठरवू नये, मागणी गावाकडून यावी. आपली माणसे नको असतील तेव्हा पंप, जनरेटर किंवा इलेक्ट्रिशियन पाठवणेही धोरणात बसले पाहिजे.

पावसाळा जूनमध्ये सुरू होतो आणि पंचगंगेच्या पुराचे दिवस साधारण जुलै-ऑगस्टचे. संस्थांची यादी, प्रशिक्षितांची नावे, विमा आणि फोनवरून मंजुरी देणाऱ्या पर्यवेक्षकाचे नाव या चार गोष्टी मे अखेरीस ठरलेल्या नसतील, तर राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेल्यानंतर त्या ठरवायला वेळ मिळत नाही.